अमळनेरचे शेअर आणि बाजारभावाचे शहाणपण : कार्यक्षम बाजार गृहीतकाचा आढावा

एखाद्या कंपनीविषयी लोकांना जे ठाऊक आहे ते सगळे तिच्या शेअरच्या आजच्या भावात आधीच उतरलेले असते, हे कार्यक्षम बाजार गृहीतकाचे मूळ म्हणणे. कंपनी चांगली आहे, मालक सचोटीचे आहेत, मागणी वाढते आहे, हे सगळ्यांना माहीत असेल तर खरेदीदारांनी त्याची किंमत भावात कधीच मोजलेली असते. म्हणून उघड माहितीच्या आधारे शेअर निवडून बाजाराच्या सरासरीपेक्षा जास्त कमाई वर्षानुवर्षे करत राहणे फार थोड्यांना जमते, असे या गृहीतकाचे समर्थक सांगतात. शेअर बाजारात पैसा मिळत नाही, असा त्यांचा दावा नाही. बाजार वाढला की सगळ्यांचेच पैसे वाढतात. प्रश्न आहे तो बाजारापेक्षा जास्त मिळवण्याचा.

हे कसे घडते ते मिरचीच्या बाजारात पाहता येते. नंदुरबारच्या बाजार समितीत दिवाळीच्या सुमारास ओली लाल मिरची येऊ लागते. व्यापारी ती लिलावात घेतात आणि शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर वाळत घालतात. एखाद्या रात्री अवकाळी पाऊस झाला आणि पथाऱ्यांवरचा माल भिजला, तर दुसऱ्या दिवशी कोरड्या, चांगल्या रंगाच्या मिरचीचा भाव हळूहळू चढत बसत नाही. पहिल्या बोलीतच तो वर गेलेला असतो. पाऊस सगळ्यांनीच पाहिलेला असल्यामुळे त्या माहितीवर कोणाला वेगळा नफा काढता येत नाही. उद्याच्या भावातला बदल उद्याच्या पावसावर अवलंबून असतो आणि तो आज कोणालाच माहीत नसतो. शेअरचेही तसेच. शेअरचा भाव रोज अंदाजापलीकडे हलतो याचा अर्थ बाजार वेडा आहे असा होत नाही. जुनी माहिती भावात जिरलेली असेल तर भाव हलवायला फक्त नवी माहिती उरते, आणि नवी माहिती आधी कळत नसते म्हणूनच ती नवी. पॉल सॅम्युअलसन यांनी 1965 साली हाच विचार गणिताच्या भाषेत मांडला.

त्याआधी आकडेवारीने तो सुचवलेला होता. लुई बाशेलिए या फ्रेंच गणितज्ञाने 1900 सालीच आपल्या प्रबंधात पॅरिसच्या बाजारातील भाव यदृच्छेने हलतात असे गृहीत धरून गणित मांडले होते. मॉरिस केंडॉल यांनी 1953 मध्ये भावांच्या साप्ताहिक मालिका तपासल्या, तेव्हा मागच्या आठवड्याच्या बदलावरून पुढच्या आठवड्याचा बदल सांगता येईल असे जवळजवळ काहीच हाती लागले नाही. शिकागो विद्यापीठातील युजीन फामा यांनी 1970 साली या सगळ्या कामाचा आढावा घेऊन गृहीतकाचे तीन स्तर केले. पहिल्या स्तरात भावामध्ये फक्त मागचे भाव उतरलेले असतात. तेवढे खरे असेल तर आलेख पाहून खरेदी-विक्री करण्याचा उपयोग नाही. दुसऱ्या स्तरात ताळेबंद, बातम्या, घोषणा अशी सगळी उघड माहिती येते. तिसऱ्यात कंपनीच्या आतल्या माणसांनाच ठाऊक असलेल्या गोष्टीही धरल्या जातात. तिसरा स्तर अक्षरशः खरा आहे असे समर्थकही मानत नाहीत. आतल्या माहितीवर पैसे करता येतात म्हणूनच सेबीला त्याविरुद्ध नियम करावे लागले. खरा वाद दुसऱ्या स्तराभोवती आहे.

त्या वादात खानदेशातले एक उदाहरण हमखास पुढे केले जाते. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर नंदुरबार आणि दोंडाईच्याच्या पुढे, जळगाव जिल्ह्यात अमळनेर आहे. महंमद हाशम प्रेमजी यांनी 1945 च्या अखेरीस येथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली. वनस्पती तूप आणि तेल हा तिचा धंदा. गावातल्या आणि आसपासच्या अनेक कुटुंबांनी तिचे शेअर घेतले. 1966 मध्ये वडील वारल्यावर एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतले शिक्षण सोडून परतले. पुढे साबण आला, 1977 मध्ये कंपनीच्या नावात ‘विप्रो’ आले, ऐंशीच्या दशकात संगणक आले आणि नव्वदच्या दशकात सॉफ्टवेअर. ज्यांनी जुने शेअर विकले नाहीत त्यांच्याकडे बोनस आणि विभाजनाने शेअरांची संख्या प्रचंड वाढली आणि अमळनेरात कोट्यधीश कुटुंबे निर्माण झाली. शेअर निवडून बाजाराला मागे टाकता येते, याचा याहून मोठा पुरावा कोणता, असे विचारले जाते.

समर्थकांचे उत्तर समजून घेण्यासाठी 1980 साली तो शेअर विकत घेणाऱ्या माणसाच्या हाती काय माहिती होती ते पाहावे लागते. तेव्हा ती तेल-तूप-साबणाची एक मध्यम कंपनी होती. आयबीएम नुकतीच भारतातून बाहेर पडली होती, त्यामुळे देशी संगणकाला जागा होती. पण त्या जागेसाठी अनेक कंपन्या धडपडत होत्या. 1991 मध्ये देशाचे आर्थिक धोरण बदलेल, उपग्रहाच्या जोडणीवरून बेंगळुरूतला अभियंता अमेरिकेतल्या ग्राहकाचे काम करील, शतक संपताना जगभरातल्या संगणकांतल्या तारखा दुरुस्त करण्याचे काम भारताकडे येईल, यातले काहीही त्या वर्षीच्या ताळेबंदात नव्हते. शेअरधारकांची कमाई झाली ती यातली एकेक गोष्ट घडत गेली तेव्हा. 1980 च्या भावात बाजाराची चूक होती असे त्यावरून सिद्ध होत नाही. त्या दिवशी ज्या शक्यता होत्या त्यांची सरासरी भावाने धरली होती, आणि त्यांतली एक अतिशय दुर्मिळ शक्यता प्रत्यक्षात आली, असा याचा अर्थ लावता येतो.

दुसरा मुद्दा निवडीचा. अमळनेरच्या बहुतेक कुटुंबांनी शेकडो कंपन्यांचे ताळेबंद तपासून ही कंपनी उचलली नव्हती. ती गावातली होती, तिचा कारखाना डोळ्यांसमोर होता, मालक ओळखीचे होते. देशातल्या अनेक गावांत अशाच विश्वासाने स्थानिक गिरण्यांचे आणि कारखान्यांचे शेअर घेतले गेले. त्यांतले बरेच कागद आज कवडीमोल आहेत आणि त्यांच्याविषयी कोणी लिहीत नाही. सेन्सेक्स 1986 साली सुरू झाला तेव्हा देशातल्या निवडक तीस कंपन्यांमध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स, हिंदुस्थान मोटर्स, बल्लारपूर इंडस्ट्रीज आणि सिंदिया शिपिंगही होत्या. पद्मिनी आणि अँबॅसिडर या मोटारी रस्त्यावरून गेल्या, त्यांच्यामागे त्या शेअरांची ऐटही गेली. त्या काळी मान्यवर कंपन्यांची यादी करून डोळे झाकून पैसे लावणाऱ्यालाही यांतल्या कोणत्या टिकतील हे सांगता आले नसते.

जळगावच्याच जैन इरिगेशनचा इतिहास याच्या शेजारी ठेवण्याजोगा आहे. ठिबक सिंचन खानदेशाच्या शेतकऱ्यांपर्यंत नेणाऱ्या या कंपनीचे काम परिसरात सगळ्यांनी पाहिलेले आहे. 2018 च्या सुरुवातीला तिचा शेअर शंभर रुपयांच्या वर होता. कर्जाचा बोजा आणि अडकलेली येणी यांमुळे 2019 मध्ये कर्जफेड थकली, पतमानांकन घसरले आणि मार्च 2020 मध्ये भाव दहा रुपयांच्या खाली होता. मानांकन घसरल्याची बातमी वर्तमानपत्रात वाचून शेअर विकणाऱ्याला आधीचा भाव मिळाला नाही, कारण बातमी छापून येण्यापूर्वी विकणारे विकून मोकळे झाले होते. पुढच्या दोन वर्षांत हाच शेअर तळापासून कित्येक पटींनी वर आला, तोही बहुतेकांना न कळवता. कंपनीचे काम चांगले असणे आणि तिचा शेअर घेणे फायद्याचे असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे अमळनेर आणि जळगाव यांच्यातल्या साठेक किलोमीटरच्या टापूत स्पष्ट दिसते.

हेन्ड्रिक बेसेम्बाइंडर यांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने या अनुभवाला आकड्यांचे बळ दिले. 1926 पासूनच्या नव्वद वर्षांत अमेरिकेच्या बाजारात नोंदलेल्या सुमारे सव्वीस हजार शेअरांचा त्यांनी हिशेब केला. सातांपैकी चार शेअरांनी आपल्या आयुष्यात सरकारी अल्पमुदतीच्या रोख्यांइतकाही परतावा दिला नाही. रोख्यांच्या वर बाजाराने जी संपत्ती निर्माण केली, ती सगळी जेमतेम चार टक्के कंपन्यांमुळे होती. याचा शेअर निवडणाऱ्यावर होणारा परिणाम थेट आहे. दहा-पंधरा शेअर निवडले तर ते चार टक्क्यांतले मोती त्यांत नसण्याचीच शक्यता जास्त, आणि ते नसतील तर सरासरी गाठणेही कठीण. संपूर्ण बाजार विकत घेणाऱ्याच्या पदरात मात्र ते आपोआप पडतात. अमळनेरकरांच्या पदरात एक मोती पडला. शेजारच्या गावाच्या पदरात पडला नाही, यात त्या गावाच्या बुद्धीचा दोष शोधण्याचे कारण नाही.

अमळनेरच्या कुटुंबांच्या बोनस शेअरांतून आणखी एक गोष्ट उमगते. बोनस मिळाला म्हणजे फुकट संपत्ती मिळाली, असा समज अजून पक्का आहे. विप्रोने डिसेंबर 2024 मध्ये एकास एक बोनस दिला. शेअर दुप्पट झाले आणि भाव त्याच हिशेबाने निम्म्यावर आला. कंपनीचे घर तेवढेच, खोल्या जास्त पाडल्या इतकेच. फामा आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी 1969 साली शेअर विभाजनाच्या 940 घटना तपासल्या, तेव्हा भावातली वाढ विभाजनाच्या आधीच्या महिन्यांत दिसली, कारण कंपनीची भरभराट बाजाराला तेव्हाच कळत होती. विभाजन झाल्यानंतर सरासरीपेक्षा वेगळी वाढ उरली नाही. उघड बातमीवर खरेदी करणारा उशिरा पोचतो, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारे काम त्याआधी झाले नव्हते.

घरगुती गुंतवणूकदाराला वेळ आणि साधने नसतात, पण म्युच्युअल फंडांकडे अभ्यासक असतात, कंपनीच्या व्यवस्थापनाशी बोलण्याची सोय असते. मग त्यांचे काय? मायकेल जेन्सेन यांनी 1945 ते 1964 या काळातल्या 115 अमेरिकी फंडांचा अभ्यास 1968 साली मांडला. जोखीम लक्षात घेतल्यावर हे फंड सरासरीने वर्षाला सुमारे 1.1 टक्के मागे पडले होते. मार्क कारहार्ट यांनी 1997 मध्ये दाखवले की एका वर्षी वर असलेला फंड पुढेही वर राहतो असे जे थोडेफार आढळते, त्याचे श्रेय बहुतांशी व्यवस्थापकाच्या कौशल्याला देता येत नाही. सातत्याने तळाशी राहणारे फंड मात्र सापडतात, आणि त्यामागे मुख्यतः भरमसाट खर्च असतो.

विल्यम शार्प यांनी 1991 साली यामागचे साधे अंकगणित मांडले. बाजारातले सगळे पैसे दोन गटांत वाटले आहेत असे समजू. एक गट निर्देशांकाप्रमाणे सगळे शेअर धरून बसतो, दुसरा निवड करतो. बाजार वर्षाला 12 टक्के वाढला, तर पहिल्या गटाला खर्चाआधी 12 टक्के मिळणार. उरलेला बाजार दुसऱ्या गटाकडेच असल्याने त्या गटाची सरासरीही खर्चाआधी 12 टक्केच येणार. त्यांच्यातला एक जण पुढे गेला तर दुसरा तेवढाच मागे राहिलेला असतो. आता खर्च वजा करावा. निर्देशांक फंडाचा खर्च 0.2 टक्का आणि निवड करणाऱ्या फंडाचा 2 टक्के धरला, तर एक लाख रुपयांचे वीस वर्षांत पहिल्याकडे सुमारे 9 लाख 31 हजार होतात आणि दुसऱ्याकडे सरासरीने 6 लाख 73 हजार. हा निष्कर्ष बाजार शहाणा असो वा नसो, लागू पडतो. गृहीतकाच्या समर्थकांचा सर्वांत भक्कम पाया हाच आहे, आणि तो गृहीतकावर उभाही नाही, हे ध्यानात ठेवायला हवे.

सरासरी मागे पडली तरी काही जण पुढे जातातच. त्यांतले कौशल्याने किती आणि नशिबाने किती, हे ओळखणे अवघड आहे. दर वर्षी बाजाराच्या पुढे जाण्याची शक्यता निम्मी धरली, तर हजार फंडांपैकी एखादा फंड निव्वळ योगायोगाने सलग दहा वर्षे पुढे राहील, आणि त्याच्या व्यवस्थापकाची मुलाखत सगळीकडे छापून येईल. समजा, एखाद्या व्यवस्थापकाचे कौशल्य खरेच आहे आणि तो वर्षाला सरासरी 2 टक्के जास्त मिळवतो. त्याचा परतावा निर्देशांकापासून इकडे-तिकडे हलतो तो साधारण 6 टक्क्यांनी. संख्याशास्त्राच्या नेहमीच्या कसोटीवर हे कौशल्य नशिबापासून वेगळे काढायला छत्तीस वर्षांची आकडेवारी लागते. गुंतवणूकदार सहसा तीन किंवा पाच वर्षांचे तक्ते पाहून फंड निवडतो. त्या तक्त्यांत कौशल्य असले तरी दिसू शकत नाही.

भारतातले चित्र मात्र अमेरिकेइतके एकरंगी राहिलेले नाही. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर बरीच वर्षे येथील अनेक फंडांनी निर्देशांकाला मागे टाकले. शार्प यांच्या अंकगणितात त्याला जागा आहे : निवड करणाऱ्या गटात फक्त फंड नसतात, अफवांवर खरेदी करणारे छोटे गुंतवणूकदारही असतात, आणि फंडांचा जादा नफा त्यांच्या खिशातून येऊ शकतो. शिवाय मोजण्याची पद्धतही सैल होती. फंडाच्या परताव्यात लाभांश धरला जाई, पण तुलना ज्या निर्देशांकाशी होई त्यात तो धरला जात नसे. त्यामुळे फंडाला दर वर्षी टक्काभर आघाडी फुकट मिळे. फेब्रुवारी 2018 पासून सेबीने लाभांशासह निर्देशांकाशी तुलना सक्तीची केली. त्याच सुमारास फंडांचे गटही काटेकोर आखले गेले. बाजारमूल्याने पहिल्या शंभर कंपन्या म्हणजे लार्ज कॅप, अशी व्याख्या ठरली. पळवाटा बुजल्यावर लार्ज कॅप फंडांची आघाडी आटली, आणि दीर्घ मुदतीत त्यांतले निम्म्याहून अधिक निर्देशांकामागे राहतात असे स्पिव्हा अहवालांत दिसते. मध्यम आणि लहान कंपन्यांच्या फंडांत निकाल संमिश्र आहेत. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीने 2015 साली शेअर बाजारात पैसे घालायला सुरुवात केली तेव्हा निर्देशांकावर चालणाऱ्या ईटीएफचा मार्ग निवडला, तो याच विचाराला धरून होता.

स्वतः रोज खरेदी-विक्री करणाऱ्याची स्थिती याहून बिकट असते. दलाली, व्यवहार कर, मुद्रांक शुल्क आणि खरेदी-विक्रीच्या भावांतला फरक प्रत्येक व्यवहारात कापला जातो. 2022-23 या वर्षात शेअर घेऊन त्याच दिवशी विकणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी दहांतले सात तोट्यात गेले, असे सेबीच्या अभ्यासात आढळले.

गृहीतकावरचे आक्षेपही तितक्याच गांभीर्याने पाहावे लागतात. रॉबर्ट शिलर यांनी 1981 मध्ये दाखवले की शेअरांचे भाव लाभांशातल्या बदलांच्या मानाने फारच जास्त वरखाली होतात. भाव म्हणजे भविष्यातल्या लाभांशाचा थंड डोक्याने केलेला अंदाज असता तर असे झाले नसते. 19 ऑक्टोबर 1987 रोजी अमेरिकेचा डाऊ निर्देशांक एका दिवसात 22.6 टक्के कोसळला, आणि त्याला साजेशी बातमी कोणालाही दाखवता आली नाही. पुन्हा अमळनेरकडे वळले तर फेब्रुवारी 2000 मध्ये विप्रोचा शेअर दहा हजार रुपयांच्या आसपास पोचला होता आणि 2001 संपण्याआधी त्यातले ऐंशी टक्क्यांहून जास्त मूल्य उडाले होते. एवढ्या थोड्या काळात कंपनीविषयीच्या खऱ्या माहितीत एवढा फरक पडला होता, असे म्हणणे कठीण आहे. येथे गृहीतकाची बाजू लंगडी पडते. फामा यांचे उत्तर असे की भाव चुकीचा होता हे ठरवायला आधी योग्य भाव कोणता हे सांगणारे सूत्र लागते. सूत्र चुकले की बाजार चुकला, हे वेगळे काढता येत नाही. हे उत्तर तर्काला धरून आहे, पण त्यामुळे गृहीतक खोडून काढणेच अशक्यप्राय होते, आणि शास्त्रातल्या विधानासाठी ती चांगली खूण नाही. 2013 चे अर्थशास्त्राचे नोबेल फामा आणि शिलर या दोघांनाही, लार्स पीटर हॅन्सन यांच्यासोबत, मिळाले.

मात्र भाव चुकतो हे मान्य केले तरी त्यातून नफा काढणे वेगळे असते. 2000 च्या जानेवारीत विप्रो महाग आहे असे ओळखून तो उधारीवर विकणाऱ्याला आधी महिनाभर चढता भाव सोसावा लागला असता, आणि त्यात अनेकांचे भांडवल संपले असते. फुगा आहे हे कळणे आणि तो कधी फुटेल हे कळणे यांत मोठे अंतर असते. अलीकडचा चढता शेअर काही महिने चढत राहतो, हे जेगदीश आणि टिटमन यांनी 1993 मध्ये दाखवले. असे अपवाद पुढे पुष्कळ सापडले. मॅक्लीन आणि पॉन्टिफ यांनी 2016 मध्ये 97 अपवादांचा माग काढला, तेव्हा शोध प्रसिद्ध झाल्यानंतर त्यांतला नफा सरासरी निम्म्याहून जास्त घटलेला आढळला. छापून आलेली युक्ती हीही शेवटी उघड माहितीच.

सॅन्फर्ड ग्रॉसमन आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांनी 1980 साली गृहीतकाची मर्यादा सर्वांत नेमकी दाखवली. भावात सगळी माहिती पूर्णपणे उतरलेली असेल तर माहिती गोळा करण्याचा खर्च कोणी करणार नाही, आणि तो कोणी केला नाही तर माहिती भावात उतरणारच नाही. म्हणून भावात थोडी चूक शिल्लक राहावीच लागते. शोधणाऱ्याच्या श्रमाचा मोबदला त्या चुकीतून येतो. ही चूक कुठे जास्त असेल तेही यावरून कळते. रिलायन्स किंवा विप्रोसारख्या कंपनीवर कितीतरी विश्लेषकांची नजर असते, तेथे ती नगण्य. ज्या लहान कंपनीचे दिवसाला मोजके शेअर हातबदल करतात, जिच्यावर एकही विश्लेषक लिहीत नाही आणि जिच्या भावाला रोज पाच टक्क्यांचे सर्किट लागते, तेथे माहिती भावात उतरायला दिवस किंवा आठवडे लागू शकतात. पण त्याच ठिकाणी संगनमताने भाव फुगवून समाजमाध्यमांवरच्या ‘टिप’ वाचणाऱ्यांच्या गळ्यात माल मारणारेही असतात, आणि मोठी रक्कम घालू पाहणाऱ्याच्या स्वतःच्याच खरेदीने भाव वर जातो. संधी आहे तेथे ती छोटी, खर्चिक आणि जोखमीची आहे. बाजाराला सातत्याने मागे टाकणारे विरळा असतात या समर्थकांच्या दाव्याला एवढा आधार पुरतो. त्यासाठी प्रत्येक भाव अचूक असण्याची गरज पडत नाही.